बिलाचं पीडीएफ क्लायंटपर्यंत कसं पोचवावं

फाईलच्या नावापासून सुरुवात करू, ते लवकर उरकतं. क्लायंटच्या अकाउंट्सवाल्याकडे रोज Invoice.pdf नावाच्या फायली येतात. त्याच्या डाउनलोड फोल्डरमध्ये त्यांच्या Invoice (1), Invoice (2) होतात आणि तुमचं बिल त्या गर्दीत जातं. नावात आधी बिल नंबर, मग तुमचं नाव, मग काम एवढंच घाला. फाईलला क्लायंटचं नाव द्या असं बरेच जण सांगतात, पण क्लायंटला स्वतःचं नाव माहीत असतं. त्याला शोधायचं असतं तुमचं.

```
2526-014_Sawant_Brochure.pdf
```

जीएसटीत बिल नंबर जास्तीत जास्त 16 अक्षरांचा आणि त्या आर्थिक वर्षात पुन्हा न येणारा असावा लागतो. नंबरात तिरकी रेघ घातलेली कायद्याला चालते, विंडोजला फाईलच्या नावात चालत नाही. म्हणून पहिल्यापासूनच आडवी रेघ वापरा, म्हणजे बिलावरचा नंबर आणि फाईलवरचा नंबर तंतोतंत एकच राहतो. पीडीएफला पासवर्ड घालू नका, झिपही करू नका. मोठ्या कंपन्यांच्या स्कॅनरला आत बघता आलं नाही, की मेल वाटेतच अडकवून ठेवला जाऊ शकतो.

मेलच्या विषयात तोच नंबर, काम आणि रक्कम लिहा. शक्य असेल तर नवीन मेल न पाठवता, ज्या मेलवर क्लायंटने काम मंजूर केलं त्यालाच रिप्लाय करा.

आता मुख्य अडचण. विषयात ‘अर्जंट’ लिहू नका, उद्गारचिन्हं टाळा, असले सल्ले इतकी वर्षं फिरतायत की ऐकून कंटाळा आला. तुम्ही स्वतःच्या डोमेनवरून मेल करत असाल, तर बिल स्पॅममध्ये जाण्याचं कारण बहुतेक वेळा विषयातले शब्द नसून, मेलवर तुमच्या डोमेनची सही नसणं हे असतं. मेल खरंच तुमच्या डोमेनवरून आलाय का, हे समोरचा सर्व्हर दोन प्रकारे तपासतो. एसपीएफ म्हणजे तुमच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात याची यादी. डीकेआयएम म्हणजे प्रत्येक मेलवरची डिजिटल सही. यातलं निदान एक खरं ठरलं आणि ते ‘From’मधल्या डोमेनशी जुळलं, की डीमार्क, म्हणजे या दोन्हींवरून ठरणारी शेवटची तपासणी, पास होतं.

मला यात जिथे सगळ्यात जास्त झगडावं लागलं, ते प्रकरण असं. क्लायंट अंधेरीतला, त्यांचा सीए फोर्टला. बिल accounts@ या पत्त्यावर पाठवायचं, आणि तो पत्ता परस्पर सीएच्या ऑफिसातल्या जीमेलवर फॉरवर्ड केलेला. मी स्वतःच्या जीमेलवर चाचणी मेल पाठवला की सगळं पास. त्यांच्याकडे मात्र प्रत्येक बिल स्पॅममध्ये.

कारण फॉरवर्डिंगमध्ये आहे. तुमचा मेल आधी अंधेरीच्या सर्व्हरवर जातो आणि तो सर्व्हर तो पुढे ढकलतो. जीमेलला मेल येताना दिसतो तो त्या सर्व्हरकडून, जो तुमच्या यादीत नाही. एसपीएफ तिथेच गळतं. काही सर्व्हर पुढे ढकलताना पाठवणाऱ्याचा आतला पत्ता बदलून एसपीएफ पास करून घेतात, पण मग ते त्यांच्या डोमेनचं होतं, तुमच्याशी जुळत नाही. फॉरवर्डमध्ये टिकते ती फक्त डीकेआयएमची सही, तीही मधल्या सर्व्हरने मेलखाली स्वतःची तळटीप चिकटवली नाही तरच.

आणि इथे गुगल वर्कस्पेस वापरणारे फसतात. तुम्ही डीकेआयएम लावलं नसेल तरी गुगल स्वतःच्या नावाने सही करून देतं. चाचणी मेल उघडा, तीन टिंबांच्या मेनूतून ‘Show original’ घ्या. डीकेआयएमपुढे ‘PASS’ दिसेल. तिथे थांबू नका, त्याच्या पुढचं डोमेन वाचा. शेवटी gappssmtp.com असेल तर ती सही तुमची नाही. थेट मेलमध्ये एसपीएफच्या जोरावर डीमार्क पास होतं, म्हणून चाचणीत काहीच कळत नाही. फॉरवर्ड झाला की तो आधार जातो.

उपाय: admin.google.com वर Apps, Google Workspace, Gmail, Authenticate email इथे जा आणि 2048 बिटची की तयार करा. मिळालेला मजकूर डोमेनच्या डीएनएसमध्ये TXT रेकॉर्ड म्हणून टाका. नावाच्या रकान्यात फक्त google._domainkey लिहा. बरीच डीएनएस पॅनल पुढे डोमेन आपोआप जोडतात, तुम्हीही जोडलंत तर ते दोनदा लागतं आणि रेकॉर्ड कधीच सापडत नाही. मग परत येऊन ‘Start authentication’ दाबा. हे बटण न दाबता दोन दोन महिने रेकॉर्डला दोष देणारे लोक मी पाहिलेत. डीएनएस पसरायला 48 तासांपर्यंत लागू शकतात, तेवढं थांबून पुन्हा ‘Show original’ बघा. आता तिथे तुमचंच डोमेन हवं.

त्याच डीएनएसमधली एसपीएफची ओळही बघून घ्या:

```
v=spf1 include:_spf.google.com ~all
```

अशी ओळ एका डोमेनला एकच चालते. बिलिंग सॉफ्टवेअर घेतलं की ते आपली ओळ टाकायला सांगतं, लोक दुसरा रेकॉर्ड जोडतात आणि दोन्ही निकामी होतात. नवीन include त्याच ओळीत, ~all च्या आधी घाला. तुमचा पत्ता @gmail.com असेल तर यातलं काही करावं लागत नाही. फक्त त्या पत्त्याने दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून बिलं पाठवू नका, ती सही जुळणार नाही.

इतकं करूनही ‘स्पॅममध्येही नाही’ असं उत्तर आलं तर मेल त्यांच्या क्वारंटाइनमध्ये, म्हणजे संशयित मेल अडवून ठेवतात तिथे, असू शकतो. ते अकाउंट्सवाल्याला दिसेलच असं नाही. त्यांच्या आयटीवाल्याला पाठवल्याची तारीख, वेळ आणि विषय कळवा, तो शोधून सोडवू शकतो. मेल परत आला असेल तर त्यातला आकडा वाचा: 550 5.1.1 म्हणजे पत्ताच चुकलाय, 5.7.26 म्हणजे वरचं सह्यांचं प्रकरण.

पाठपुराव्याला एक शीट पुरते: नंबर, कुणाला, कधी पाठवलं, पोचल्याचं उत्तर कधी आलं, किती जमा, टीडीएस किती. मेल उघडल्याचं सांगणाऱ्या ट्रॅकरवर विसंबू नका. जीमेल चित्रं स्वतःच्या सर्व्हरमार्फत आणतं आणि ॲपल मेल मेल न उघडताही ती उतरवून ठेवू शकतं. ‘पोचलं’चा रकाना माणसाने लिहिलेल्या उत्तरावरच भरा. मेलच्या शेवटी सरळ लिहा, “मिळालं की एक ओळ कळवा.” तीन दिवसांत ओळ आली नाही तर त्याच मेलला रिप्लाय करून तेच पीडीएफ पुन्हा जोडा. नंबर बदलू नका, Revised लिहू नका, नाहीतर अकाउंट्समध्ये दोन बिलं चढतात. सोबत व्हॉट्सॲपवर एवढंच: “मॅडम, 2526-014 मेल केलंय, नंबर टाकून शोधा.”

पैसे आले तरी ओळ लगेच बंद करू नका. 60,000 च्या कामावर 18 टक्के जीएसटी धरून बिल 70,800 चं होतं. क्लायंट 10 टक्के टीडीएस कापत असेल तर तो मूळ 60,000 वर कापला जातो, म्हणजे खात्यात 64,800 येतात. उरलेले 6,000 तुमच्या पॅनवर 26एएसमध्ये दिसले की मगच ती ओळ हिरवी करा.