या चुका टाळा : मराठी भाषकांसाठी आठ आठवड्यांत बंगाली

बंगाली शिकताना मराठी माणसाला शब्दांची अडचण फारशी येत नाही. नदी, कथा, परीक्षा, सत्य हे शब्द दोन्ही भाषांत आहेत. अडचण येते ती याच ओळखीच्या शब्दांत, कारण डोळे बंगाली अक्षर पाहत असतात आणि तोंड मराठी उच्चार करत असते. म्हणून पहिले दोन आठवडे लिपीला, पुढचे दोन स्वरांना, नंतरचे दोन क्रियापदांना आणि उरलेले दोन नकार व सलग वाचनाला द्यावेत.

लिपीतली पहिली चूक मात्रेची आहे. देवनागरीत व्यंजनाच्या आधी फक्त ऱ्हस्व इकार लिहिला जातो. बंगालीत एकारही व्यंजनाच्या डावीकडे येतो आणि ओकार तर व्यंजनाच्या दोन्ही बाजूंना, म्हणजे डावीकडे एकाराची खूण व उजवीकडे काना, असा लिहितात. नवशिक्या ती डावी खूण आधीच्या अक्षराला जोडतो आणि उजवा काना तेवढा वाचतो, त्यामुळे ‘भालो’चा ‘भाला’ होतो. दुसरी चूक ठिपक्याची. आपल्या ‘य’सारखे दिसणारे अक्षर ‘ज’ वाचायचे असते आणि त्याखाली ठिपका असेल तरच ‘य’. ‘ब’खाली ठिपका दिला की ‘र’ होतो. श्रुतलेखनात हे ठिपके सुटू लागले तर तिसऱ्या आठवड्याकडे जाण्याची घाई करू नये.

उच्चारांत सर्वाधिक वेळ ‘अ’ला द्यावा. बंगाली ‘अ’ हा कधी ‘ऑ’ तर कधी ‘ओ’ असतो, आणि यातला कोणता हे बरेचदा पुढच्या अक्षरावरून कळते : पुढे इ किंवा उ आला की ‘ओ’. म्हणून कथा ‘कॉथा’ होते, पण नदी ‘नोदी’ आणि कवी ‘कोबी’. (‘व’चा ‘ब’ होतो, श, ष, स हे तिन्ही बहुतेक ठिकाणी ‘श’च.) नियमाला मर्यादा आहेत. ‘अनियमित’मधला नकारार्थी अ ‘ऑ’च राहतो, आणि घर ‘घॉर’ असले तरी मन मात्र ‘मोन’ आहे. असे छोटे शब्द ऐकूनच पक्के करावे लागतात. जोडाक्षरांत य किंवा व बहुधा स्वतः ऐकू येत नाही, आधीचे व्यंजन दुप्पट होते : सत्य ‘शोत्तो’, विश्व ‘बिश्शो’. परीक्षा ‘पोरिक्खा’ होते, कारण ‘क्ष’ हा ‘क्ख’ असा म्हटला जातो.

हाच स्वरनियम क्रियापदांतही लागतो, म्हणून ‘करा’ म्हणजे ‘करणे’ या एका क्रियापदावर पूर्ण दिवस घालवावा. ‘मी करतो’ हे ‘आमि कोरि’, पण ‘तो करतो’ हे ‘शे कॉरे’. आता ‘करून’ याला बंगालीत जे रूप आहे ते लेखनात ‘तो करतो’च्या रूपासारखेच दिसते, पण उच्चारात ते ‘कोरे’ असते. कारण साधू भाषेत, म्हणजे जुन्या ग्रांथिक बंगालीत, ते ‘करिया’ होते. इकार गळाला, पण त्याने घडवलेला ‘ओ’ राहिला. ‘कोरलाम’ (मी केले) यातला ‘को’ही ‘करिलाम’मधून आला आहे. साधू रूपे जुन्या पुस्तकांत भेटतील. ती ओळखावीत, बोलण्यात मात्र वापरू नयेत.

भूतकाळात मराठीची सवय सर्वाधिक आड येते. आपण ‘मुलीने पत्र लिहिले’ आणि ‘मुलीने पत्रे लिहिली’ असे म्हणतो, म्हणजे क्रियापद कर्माच्या मागे जाते. बंगालीत ‘मेयेटि चिठि लिखलो’. कर्त्याला ‘ने’ लागत नाही, पत्रे कितीही असली तरी रूप बदलत नाही, आणि मुलाने लिहिले तरी ‘लिखलो’च राहते. बदल होतो तो पुरुषाप्रमाणे व आदराप्रमाणे : आमि लिखलाम, तुमि लिखले, आपनि लिखलेन. ‘आपनि’बरोबर ‘लिखले’ आले तर आदराचे रूप चुकले असे समजावे.

सातव्या आठवड्यात ‘नाही’ची फोड करावी, कारण आपल्या एका शब्दाच्या जागी तिथे वेगवेगळी रूपे येतात. ‘हे पुस्तक नाही’ याला ‘एटा बोइ नॉय’, ‘पुस्तक नाही’, म्हणजे जवळ किंवा जागेवर नाही, याला ‘बोइ नेइ’, आणि ‘मी जात नाही’ याला ‘आमि जाइ ना’ म्हणतात. होकारातही ‘तो शिक्षक आहे’ हे फक्त ‘शे शिक्खोक’. तिथे ‘आहे’साठी ‘आछे’ घातले की वाक्य बिघडते. ‘मी गेलेलो नाही’ हे ‘आमि गियेछि ना’ होत नाही, तर वर्तमानकाळाच्या रूपाला ‘नि’ जोडून ‘आमि जाइनि’ होते.

आठव्या आठवड्यात मूळ भाषकाच्या ध्वनिमुद्रणासह अर्धे पान घ्यावे, ऐकण्यापूर्वी त्यातील ‘कर्’ धातूच्या प्रत्येक रूपावर ‘कॉ’ की ‘को’ हे पेन्सिलीने लिहावे, आणि मग ऐकत ऐकत खुणा जुळवाव्यात; जिथे जुळत नाहीत, तिथे ‘करतो’ आणि ‘करून’ यांपैकी कोणता अर्थ आहे ते आधी तपासावे.