तिखट-मिठाच्या पुऱ्या आणि सर्चमध्ये न सापडणारी रील

माझी पहिली धड जमलेली रील तिखट-मिठाच्या पुऱ्यांची. चाळीस सेकंदांची, इन्स्टाग्रामवर टाकलेली. पडद्यावर मोठ्या अक्षरात नाव झळकत होतं, प्रमाणही होतं. दोन दिवसांनी मावशीला सांगितलं, ‘सर्च करून बघ गं.’ तिला इतरांच्या पुऱ्या सापडल्या, माझ्या नाहीत.

चूक कॅप्शनमध्ये होती. मी लिहिलं होतं: ‘आईच्या हातची चव, प्रवासाची सोबत.’ पुरी हा शब्दच नाही! मला वाटलं, पडद्यावर लिहिलंय की. पण एडिटिंग ॲपमध्ये व्हिडिओवर टाकलेला मजकूर एक्स्पोर्ट झाला की चित्राचा भाग होतो. ते चित्र कोणी वाचेल या भरवशावर राहू नका. शोधायचे शब्द कॅप्शनमध्ये घाला, कमेंटमध्ये नको, हे इन्स्टाग्रामनेच २०२१ मध्ये सांगितलेलं आहे. तरी पहिल्या कमेंटमध्ये हॅशटॅगचा ढीग ओतायला शिकवणारे ‘गुरू’ अजून आहेत. त्यांच्या पीडीएफला पैसे देऊ नका. मी दिलेत.

आता मी जिथे खरी आपटले ते सांगते, आणि जरा लांबण लावते, कारण डीटीपीतून आलेली बरीच मंडळी इथेच अडकतील. मी प्रेसमध्ये कृतिदेववर टाइप करायचे. कव्हरवरचं नाव त्याच फॉन्टमध्ये केलं, देखणं दिसलं. तोच मजकूर कॉपी करून कॅप्शनमध्ये पेस्ट केला, तर ‘पुरी’च्या जागी हे आलं:

```
iqjh
```

जुन्या फॉन्टमध्ये आत इंग्रजी अक्षरंच असतात. फॉन्ट त्यांना फक्त देवनागरीचा मुखवटा चढवतो. फोनवर तो फॉन्ट नसतो, म्हणून मुखवटा गळतो. मी हे बघून वैतागले, नाव काढून टाकलं आणि घाईत ती ‘आईची चव’ लिहिली. म्हणजे आधी फॉन्टने घात केला, मग माझ्या कवितेने.

पुढच्या वेळी कन्व्हर्टरमधून मजकूर युनिकोड केला, म्हणजे फोनवरही देवनागरीच दिसेल असा. तिथे बारीक खोच आहे. ‘पुऱ्या’मधला ऱ्य दोन प्रकारे साठवला जातो: एकात ऱ हे वेगळं अक्षर असतं, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्यांना फरक कळत नाही, पण शोधताना ते दोन वेगळे शब्द ठरू शकतात. कळायला गूगल शीटच्या A1 खान्यात शब्द पेस्ट करा आणि शेजारी हे लिहा:

```
=LEN(A1)
```

६ आलं तर पहिला प्रकार, ७ आलं तर दुसरा. मी आता डोकं लावत नाही: कॅप्शन थेट फोनच्या कीबोर्डवर टाइप करते आणि एकवचनी ‘पुरी’ही एकदा घालते. त्यात ही भानगडच नाही. घाबरू नका, हे एकदाच समजून घ्यावं लागतं.

शब्द कुठले, ते स्वतः ठरवू नका. सर्चच्या चौकटीत ‘तिखट’ टाइप करून थांबा, खाली येणाऱ्या सूचना वाचा. मग रोमनमध्येही तेच करा, कारण आपल्यातले कितीतरी जण मराठी पदार्थ रोमनमध्येच शोधतात. माझं सुधारलेलं कॅप्शन असं झालं:

```
तिखट-मिठाच्या पुऱ्या, प्रवासासाठी
२ वाट्या कणीक, २ चमचे बेसन, तिखट, मीठ, हळद, ओवा
आणि चमचाभर कडकडीत मोहन. पुरी घट्ट भिजवा.
tikhat mithachya purya recipe marathi
```

नाव पहिल्याच ओळीत, कारण ‘more’ दाबल्याशिवाय पुढचं दिसत नाही. मर्यादा २,२०० अक्षरांची आहे, पण निबंध लिहू नका. रोमन ओळ एकच. ‘पुरी पुरी पुरी’ असा जप केलात तर वाचणारा पळेल.

मग पडद्यावरचा मजकूर कशाला? सर्चमधून आलेल्या माणसाला पहिल्या दोन-तीन सेकंदांत कळावं की हेच ते. म्हणून तिथे तेच नाव, त्याच शब्दांत. ‘ही ट्रिक बघाच’ नको. खालच्या पट्ट्यात युजरनेम आणि कॅप्शन बसतं, उजवीकडे बटणं, तेव्हा अक्षरं मध्यापासून थोडी वर ठेवा. हा भाग पोस्ट करण्याआधी तीनदा वाचा. कॅप्शन नंतरही बदलता येतं, व्हिडिओत भाजलेली अक्षरं नाही. माझ्या एका रीलमध्ये ‘मोहन’चं ‘मोहण’ झालंय आणि ते तसंच राहणार.

तपासणी स्वतःच्या अकाउंटवरून करू नका, तिथे आपलंच वर दिसू शकतं. मावशीच्या फोनवर करते मी. कॅप्शन बदलल्यानंतर चौथ्या दिवशी तिने रोमनमध्ये टाइप केलं, चार-पाच रील खाली सरकवल्या आणि म्हणाली, ‘ही तुझी कढई ना? हिचा कान तुटलाय.’