स्टायलिस्टची ट्रायल घेताना मी वन लेंथ कटच का देते

नाशिकमध्ये माझं पाच खुर्च्यांचं सलून आहे आणि आता पहिल्यांदाच स्टाफ घेणाऱ्या मुली मला विचारतात की ताई इंटरव्ह्यूमध्ये नक्की विचारायचं काय, म्हणून सविस्तर लिहिते.

इंटरव्ह्यू वीस मिनिटांचा पुरतो. मोबाईलमधले फोटो मी बघते पण त्यावर मार्क देत नाही, कारण फोटोत केस सेट केलेले असतात आणि कट कोणी केला तेही कळत नाही. माझा एकच प्रश्न ठरलेला असतो: तुझ्या हातून एखाद्या क्लायंटचं काम बिघडलं होतं ते सांग, पुढे काय केलंस? ज्याने खरंच काम केलंय त्याच्याकडे किस्सा असतोच, कलर पॅची आला, फ्रिंज जास्त वर गेली, काहीतरी. "माझं कधीच बिघडलं नाही" म्हणणाऱ्याला मी लगेच नाही म्हणत नाही, पण ट्रायलला त्याच्यावर नीट लक्ष ठेवते.

ट्रायल बुधवारी किंवा गुरुवारी ठेवायची. शनिवार-रविवारच्या गर्दीत कोणी शांतपणे बघू शकत नाही, आणि खरं सांगायचं तर गर्दीच्या दिवशी ट्रायल म्हणजे फुकटात काम करून घेणंच झालं. मॉडेलला आधीच सांगते की ही ट्रायल आहे, पैसे घेत नाही, आणि किमान तीन इंच कापायची तयारी असेल तरच बोलावते.

टेस्ट म्हणून मी खांद्याच्या वरचा वन लेंथ कट देते, लेयर्स नाही. लेयर्समध्ये चूक लपते, सरळ रेषेत लपत नाही. मानेपाशी मॉडेलचं डोकं सरळ धरलंय की नाही, सेक्शन इतके पातळ आहेत का की खालची गाइडलाइन त्यातून दिसते, हे मी बाजूला उभी राहून बघते, मध्ये बोलत नाही. आणि खरी जागा म्हणजे कान. ओले केस कानावरून ताणून कापले की कान दबतो, हात सोडला की कान बाहेर येतो आणि तिथली रेषा वर उचलली जाते. ओलं असताना कमी दिसतं, ब्लो-ड्राय झाला की खाच दिसते. ज्याला माहितीये तो तिथे कंगव्याच्या रुंद दात्यांनी केस नुसते खाली सोडतो, ताण देत नाही. शेवटी दोन्ही बाजूंची पुढची बट हनुवटीखाली आणून मी लांबी जुळवून बघते.

मागच्या वर्षी एक खुर्ची रिकामी होती आणि दोघं आले, एक मुलगा पाच वर्षांच्या अनुभवाचा, एक मुलगी दीड वर्षाची. मुलाने ३५ मिनिटांत कट संपवला, मुलीला सव्वा तास लागला. सुकवल्यावर मुलाच्या कटला उजव्या कानावर चांगली अर्ध्या इंचाची खाच होती, मी दाखवली तर म्हणाला मॅडम यांचे केसच तसे आहेत. मुलीचीही डावी बाजू थोडी लांब राहिली होती, पण तिने स्वतःच आरशात बघून मॉडेलला सांगितलं, दोन मिनिटं द्या, इकडे थोडं जास्त आहे, आणि नीट केलं.

मी मुलाला नाही म्हणणारच होते, पण माझी सीनियर म्हणाली ताई त्याच्या मॉडेलचे केस वेव्ही होते, हिचे सरळ. बरोबर होतं तिचं! वेव्ही केस सुकल्यावर वर चढतात, म्हणजे मी दोघांना एकच पेपर दिलाच नव्हता. मग त्याला पुढच्या आठवड्यात सरळ केसांच्या मॉडेलवर परत बोलावलं. खाच परत आली, थोडी कमी. म्हणजे केसांचा भाग होता पण हाताचाही होता. ताण कुठे सोडायचा ते मी दाखवलं, त्याने दुसऱ्या बाजूला लगेच बरोबर केलं आणि म्हणाला हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. त्या वाक्यानंतर माझं त्याच्याबद्दलचं मत बदललं. खुर्ची मुलीला दिली, तो चार महिन्यांनी दुसरी रिकामी झाल्यावर आला.

तेव्हापासून सगळ्यांना सरळ, मध्यम जाडीच्या केसांचंच मॉडेल देते, कात्री ज्याची त्याची. मी आणि सीनियर वेगवेगळ्या कागदावर मार्क लिहितो आणि लिहून झाल्याशिवाय एकमेकींशी बोलत नाही, नाहीतर मी जे बोलेन तेच ती लिहिते. हाताला साठ मार्क, वागण्याला चाळीस. वेळेचे मार्क नाहीत, कारण स्पीड सहा महिन्यांत वाढतो हे मी पाहिलंय. वागण्यात "चांगला वाटला" असं लिहायचं नाही, दिसलं ते लिहायचं: मॉडेलच्या मानेवरचे केस झटकले का, कंगवा खाली पडला तर धुतला का, हेल्पर मुलीकडून टॉवेल मागताना कसा बोलला.

आणि ट्रायलच्या दिवसाचे पैसे द्यायचे, घ्यायचं नसलं तरी. मी ७०० रुपये आणि जेवण देते, आणि त्याच संध्याकाळी कागद समोर ठेवून कुठे चुकलं ते दाखवते.