टच-अपच्या टेबलावरचा खर्च कोणत्या रकान्यात लिहायचा?

गुणवत्तेच्या खर्चाचे प्रतिबंध, तपासणी आणि अपयश असे भाग पाडायचे असतात, एवढे तुम्ही शिकून आलेले असता. सोलापूरच्या एमआयडीसीतल्या एखाद्या छोट्या पीसीबी असेंब्ली युनिटमध्ये प्रत्यक्ष विभागणी करायला बसल्यावर अडते ते वेव्ह सोल्डरिंगनंतरच्या टेबलापाशी. तिथे बसणाऱ्यांना सगळे ‘चेकिंगवाले’ म्हणतात आणि त्यांचा पगार तपासणीखाली लागतो. पण त्यांच्या हातात बहुतेक वेळ सोल्डरिंग आयर्न असते, म्हणजे ते सदोष सोल्डर जोड दुरुस्त करत असतात, आणि यालाच टच-अप म्हणतात. मी नवा असताना हे मला कोणीही सांगितले नव्हते, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

समजा, या टेबलावर बसणाऱ्या चौघांचा मिळून महिन्याचा पगार ६४,००० रुपये आहे. बाद झालेले बोर्ड आणि ग्राहकाकडून परत आलेला माल यांवर २४,००० रुपये, तर प्रशिक्षण व सोल्डर बाथच्या नियमित देखभालीवर ६,००० रुपये जातात. वहीनुसार तपासणी ६४,००० आणि अपयश २४,००० दिसते, तेव्हा मालक साहजिकच विचारतात की तपासणीची दोन माणसे कमी करता येतील का. इथे होकार देऊ नका. आठवडाभर त्या टेबलावर एक कागद ठेवा आणि पहिली तपासणी, टच-अप व फेरतपासणी यांचा वेळ वेगवेगळा लिहून घ्या. आठ तासांपैकी पहिल्या तपासणीला तीनच तास लागत असतील, तर ४०,००० रुपये अपयशाच्या खात्यात जातात. म्हणजे तपासणी २४,००० आणि अपयश ६४,०००. एकूण ९४,००० मात्र तेवढेच राहतात, म्हणूनच बेरीज जुळली तरी ही चूक सापडत नाही.

शंका आली की एकच प्रश्न विचारावा: बोर्ड पहिल्याच वेळी निर्दोष निघाला असता, तरी हे काम करावे लागले असते का? पहिली तपासणी करावीच लागली असती, फेरतपासणी नाही.

त्याच कागदावर दोष कुठे आला तेही लिहावे. कनेक्टरच्या ज्या दोन पिना सोल्डरच्या लाटेतून शेवटी बाहेर पडतात, त्यांच्यामध्येच सोल्डर ब्रिज होत असेल, तर फ्लक्स आणि प्रीहीट तपासून पाहावे, आणि पुढच्या पीसीबी ऑर्डरच्या वेळी त्या टोकाला जादा सोल्डर ओढून घेणारा रिकामा पॅड लेआउटमध्ये टाकून घ्यावा. हा खर्च प्रतिबंधाचा असून तो एकदाच होतो, टच-अपचा पगार मात्र दरमहा द्यावा लागतो.

तयार एक्सेल फॉरमॅटवर माझा विश्वास नाही, कारण त्यांत पगाराचा रकाना आधीच ठरलेला असतो. अकाउंटंटपेक्षा टच-अप करणाऱ्या ताईंजवळ तासभर बसल्याने जास्त कळते. सुरुवातीचे आकडे अंदाजे असले तरी घाबरू नका. पाचऐवजी साडेचार तास निघाले, तरी निर्णय बदलत नाही. परत आलेल्या मालाबाबत मात्र काटेकोर राहा. तो बहुधा काही महिन्यांपूर्वी बनलेला असतो, त्यामुळे बॅच नंबर पाहून त्याचा खर्च उत्पादनाच्या महिन्यापुढे लिहावा. नाहीतर या महिन्यात केलेली सुधारणा फुकट गेली असे वाटते.