नवऱ्यासाठी घड्याळ घ्यायचंय, पण आवड माहीत नाही? आधी कपाट उघडा

आवड विचारायची नसेल, तर लग्नात मिळालेलं घड्याळ कपाटातून काढा. ते का पडून आहे, यातच निम्मं उत्तर असतं. काटे थांबलेत, म्हणजे सेल संपल्यावर बदलायला कुणी गेलंच नाही. अशा माणसाला हाताच्या हालचालीवर चालणारं ऑटोमॅटिक देऊ नका. हातात नसलं की साधारण दीड-दोन दिवसांत ते बंद पडतं. त्याच्यासाठी सेलवालंच बरं. सोनेरी मुलामा मनगटाकडच्या बाजूने उडालाय, तर घाम जास्त येतो. मग साधं स्टील बघा. मुलामा शाबूत आहे पण पट्टा मनगटावर सैल फिरतो, तर कड्या कमी करायच्या राहून गेल्यात. तिथे दोष आवडीचा नाही, मापाचा.

माप दोन ठिकाणी घ्या. दुपारी वामकुक्षी चालू असताना दोऱ्याने मनगटाचा घेर, आणि पट्टीने मनगटाच्या वरच्या बाजूची सपाट रुंदी. दुसरं माप जास्त कामाचं. घड्याळाला वर जिथे पट्टा जोडतात त्या टोकापासून खालच्या तशाच टोकापर्यंतची लांबी या रुंदीपेक्षा कमी हवी, नाहीतर टोकं मनगटाबाहेर लोंबतात. डायल मोठी दिसते म्हणून लोक व्यासच बघतात, फसतात तिथे.

समजा, रावेरकडचा केळीवाला. सकाळी बागेत, संध्याकाळी मोटारसायकलवर, लग्नसराईत मांडवात. मनगटाची रुंदी ५४ मिलिमीटर, बजेट ४,००० रुपये. त्याला टोकापासून टोकापर्यंत ४७ आणि डायल ३९-४० मिलिमीटरची पुरे. चामडी पट्टा रोजच्या वापरासाठी नकोच: मे महिन्यातल्या उन्हात घाम शोषून तो वास मारतो, आणि केळीचा चीक लागला की काळा डाग निघत नाही. स्टीलचा पट्टा ओल्या फडक्याने पुसता येतो. साधारण ३,४०० चं घड्याळ घ्या आणि उरलेल्या ६०० त लग्नकार्यासाठी चामडी पट्टा. दोन्हींची रुंदी एकच, म्हणजे २० ला २०, हे दुकानातच लावून बघा.

मागच्या झाकणावरचं पाण्याचं माप वाचा. ३० मीटर लिहिलंय म्हणजे ३० मीटर खोल पाण्यात चालेल असं नाही. ते फक्त शिंतोडे सहन करतं. ठिबकच्या नळ्या धुणाऱ्या हाताला निदान ५० हवं, १०० असेल तर उत्तम. मात्र वेळ लावायची चावी पूर्ण आत दाबलेली असेल तरच.

रंग चष्म्याच्या फ्रेमवरून आणि कमरेच्या पट्ट्याच्या बकलवरून ठरवा, ते त्यानेच निवडलेले असतात. दोन्ही चंदेरी असतील, तर सोनेरी घड्याळ तुम्हाला कितीही शोभिवंत वाटलं तरी सोडा.

जळगावला घ्या की भुसावळला, बदलून देण्याची मुदत बिलावर लिहून घ्या आणि कड्या आधीच काढून घेऊ नका. एकदा कड्या काढल्या, काचेवरची फिल्म सोलली, की बहुतेक दुकानदार परत घेत नाहीत. भेट तशीच द्या, हातावर ठेवून बघू द्या, पसंत पडलं की मुदतीत दोघं जाऊन कड्या कमी करा. निघालेल्या कड्या डबीतच ठेवा.