'रेशो निगेटिव्ह' लिहिलेली फाइल

पुण्यात मेडिसिनची रेसिडेन्सी करायला आलेल्या नव्या मुलामुलींसाठी हे लिहितोय. एंडोक्राइनच्या पोस्टिंगमध्ये अल्डोस्टेरॉन-रेनिन रेशो हा शब्द पहिल्या आठवड्यातच कानावर पडतो. ॲड्रिनल स्वतःच्या मर्जीनं जास्त अल्डोस्टेरॉन सोडते आणि बीपी वाढवते त्या आजाराची, म्हणजे प्रायमरी अल्डोस्टेरॉनिझमची, ही पहिली तपासणी. कागदावर तो साधा भागाकार असतो, वर अल्डोस्टेरॉन आणि खाली रेनिन. माझी पहिली चूक या भागाकारातच झाली, म्हणून तीच केस सांगतो. पेशंटची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

काका ४८ वर्षांचे, मार्केट यार्डात कांदा-बटाट्याचे अडते. रात्री तीनला उठायचे, पहाटे लिलावात घसा फुटेस्तोवर ओरडायचं, दुपारी झोपायचं. ओपीडीत आले तेव्हा बीपी १७४/१०६. टेल्मिसार्टन ८०, अम्लोडिपिन १०, क्लोरथॅलिडोन २५ आणि मेटोप्रोलॉल ५० अशा चार गोळ्या चालू होत्या आणि काकू रोज हातावर ठेवून घ्यायला लावत होत्या. डाययुरेटिक धरून तीन औषधं पूर्ण डोसमध्ये देऊनही बीपी आटोक्यात येत नसेल तर त्याला रेझिस्टंट म्हणतात, आणि काका त्यात नीट बसत होते. पोटॅशियम २.९. "पूर्वी एका हातानं गोणी सरकवायचो, आता दोन्ही हात लावले तरी जड वाटते," असं ते म्हणाले. रात्री पोटऱ्यांत गोळे यायचे, लघवीला चारदा उठायचे.

पोटॅशियम कमी म्हटल्यावर आमच्या युनिटमध्ये सगळ्यांचं बोट क्लोरथॅलिडोनकडे गेलं. ते चूक नव्हतं, पण अपुरं होतं. काकांच्या प्लास्टिकच्या पिशवीत जुने रिपोर्ट होते. दोन वर्षांपूर्वी, डाययुरेटिक सुरू होण्याआधीचं पोटॅशियम ३.३ होतं. त्यावर कोणीच गोल केला नव्हता. चोवीस तासांच्या लघवीत आता ५८ मिलिइक्विव्हॅलंट पोटॅशियम जात होतं. रक्तात पोटॅशियम इतकं कमी असताना किडनीनं ते धरून ठेवायला हवं, ३० च्या वर जाता कामा नये. डाययुरेटिक चालू असल्यामुळे या एका आकड्यावर निकाल लावता येत नव्हता, पण जुन्या ३.३ शेजारी ठेवल्यावर त्याला वजन आलं.

मी त्याच दिवशी रेशोचं सॅम्पल पाठवलं. अल्डोस्टेरॉन १३.२ नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर, रेनिन ॲक्टिव्हिटी १.१ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर प्रति तास. भागाकार १२. आमच्याकडे ३० च्या वर संशय धरायचे, काही ठिकाणी २० धरतात. मी फाइलवर लिहिलं, 'रेशो निगेटिव्ह'. वर पाचवं औषध सुचवून मोकळा झालो.

राउंडला मॅडमनी फाइल पाहिली आणि विचारलं, "निगेटिव्ह कुठल्या अवस्थेत?" मला प्रश्नच कळला नाही. मग त्यांनी माझ्याकडून एकेक गोष्ट वदवून घेतली.

पोटॅशियम २.९ असताना रक्त काढलं होतं. ॲड्रिनलला अल्डोस्टेरॉन सोडायचा इशारा देणाऱ्या गोष्टींत पोटॅशियम मोठं आहे. ते खाली असलं की ट्यूमरमधूनसुद्धा अल्डोस्टेरॉन कमी येतं, म्हणजे भागाकाराचा वरचा आकडा दबतो. दुसरीकडे टेल्मिसार्टन आणि क्लोरथॅलिडोन दोघंही रेनिन वर ढकलतात, म्हणजे खालचा आकडा फुगतो. दोन्ही बाजूंनी रेशो खाली येणार हे ठरलेलंच होतं. मेटोप्रोलॉल उलट रेनिन खाली ओढतं, पण या बाकीच्यांपुढे ते एकटं पुरं पडलं नसावं.

मग मॅडमनी विचारलं, सॅम्पल नेलं कसं? बर्फात, मी अभिमानानं सांगितलं. हार्मोनचं सॅम्पल म्हणजे बर्फ, हे आम्ही एसीटीएचवरून शिकलेलो. रेनिनला नेमकं ते चालत नाही. रक्तात प्रोरेनिन नावाचं निष्क्रिय रूप भरपूर असतं आणि थंडीत त्यातलं काही सक्रिय रेनिन होऊन बसतं. त्यामुळे दबलेलं रेनिन दबलेलं दिसत नाही. नळी खोलीच्या तापमानाला न्यायची, लॅबनं प्लाझ्मा वेगळा करून मग झटकन गोठवायचा. आजही वॉर्डात कोणी बर्फाची पिशवी आणली की मी ती परत पाठवतो आणि माझ्याशी भांडण होतं.

शेवटचा प्रश्न मॅडमनी थेट काकांना विचारला. "घशासाठी काय घेता?"

"ज्येष्ठमध, मॅडम. दिवसभर काडी तोंडातच असते. नाहीतर लिलावात आवाज बसतो."

हे मी विचारलंच नव्हतं. ज्येष्ठमधातल्या घटकामुळे किडनीतलं कॉर्टिसॉल निकामी करणारं एन्झाइम बंद पडतं आणि कॉर्टिसॉलच अल्डोस्टेरॉनचं काम करू लागतं. बीपी वाढतं, पोटॅशियम पडतं, आणि रेनिन व अल्डोस्टेरॉन दोन्ही दबतात. म्हणजे त्याला एकट्यालाही हे सगळं चित्र उभं करता आलं असतं. पण तसं असतं तर अल्डोस्टेरॉन तळाला सापडायला हवं होतं. इथे ते १३ होतं, तेही पोटॅशियम २.९ असताना, जेव्हा ते खूप कमी असायला हवं. 'निगेटिव्ह' रिपोर्टमधला खरा इशारा हाच होता आणि तो भागाकारात पुसला गेला होता. आपल्याकडे काढे, चूर्णं, खोकल्याची चाटणं यांतून ज्येष्ठमध सर्रास पोटात जातं. "आयुर्वेदिक काही घेता का" असं विचारलंत तर लोक नाही म्हणतात. "घशाला काय, पोटाला काय" असं विचारा.

आता दुसऱ्या सॅम्पलची तयारी. २०२५ च्या नव्या एंडोक्राइन मार्गदर्शक सूचनांचा कल असा आहे की सगळ्याच हायपरटेन्शनच्या पेशंटची ही तपासणी करावी आणि पहिलं सॅम्पल औषधं न बदलता घेतलं तरी चालेल. त्यामागचं तर्कशास्त्र मला पटतं. टेल्मिसार्टन चालू असूनही रेनिन दबलेलंच असेल तर तो पुरावा उलट जास्त भक्कम होतो. पण त्याच अवस्थेत रेशो कमी आला तर तो निकाल धरता येत नाही. काकांचं नेमकं तेच झालं होतं, म्हणून औषधं बदलायची ठरली.

ज्येष्ठमध आणि क्लोरथॅलिडोन चार आठवडे बंद. स्पायरोनोलॅक्टोन असतं तर तेही चार आठवडे बंद ठेवावं लागलं असतं. टेल्मिसार्टन, अम्लोडिपिन आणि मेटोप्रोलॉल शेवटचे दोन आठवडे बंद. त्यांच्या जागी रेशोला फारसा धक्का न लावणारी औषधं, म्हणजे लाँग ॲक्टिंग व्हेरापामिल आणि प्राझोसिन. इथे एक जपायचं: मेटोप्रोलॉल हळूहळू कमी करून थांबल्यावरच व्हेरापामिल सुरू करा, दोन्ही एकत्र पडली तर नाडी धोकादायक मंदावू शकते. प्राझोसिनचा पहिला डोस रात्री झोपताना, नाहीतर पेशंट उठताना चक्कर येऊन पडतो. काकू घरी रोज दोनदा बीपी मोजून वहीत लिहीत होत्या. हृदय कमजोर असलेल्या किंवा नुकताच स्ट्रोक झालेल्या पेशंटमध्ये ही अदलाबदल मी करणार नाही, आहे त्या औषधांवरच रिपोर्ट वाचेन.

पोटॅशियम क्लोराइडचं सिरप पाण्यात मिसळून देत पोटॅशियम ४ च्या आसपास आणलं. आणखी एक गोष्ट काकांना पटेना: मीठ. वर्षभर सगळ्यांनी त्यांना मीठ तोडायला सांगितलेलं, आणि आम्ही म्हणत होतो की तपासणीपर्यंत नेहमीसारखं जेवा. मीठ फार तोडलं की रेनिन वर जातं आणि रेशो पुन्हा खोटा खाली येतो.

सॅम्पलच्या दिवशी काकांना उठून सहा तास झाले होते. उठून किमान दोन तास झालेले हवेत, त्यामुळे ती अट त्यांच्या धंद्यानं आपोआप पाळली. दहा मिनिटं खुर्चीत बसवलं आणि मग रक्त काढलं. मूठ उघड-मीट करू दिली नाही, त्यानं पोटॅशियम खोटं वाढतं आणि खरं कमी पोटॅशियम झाकलं जातं. पोटॅशियम ४.१, अल्डोस्टेरॉन २७, रेनिन ०.३. रेशो ९०.

लॅबनं अल्डोस्टेरॉन '२७०' असं छापलं होतं, कारण त्यांचं एकक पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर होतं. ते न पाहता भागलं असतं तर रेशो ९०० आला असता. काही लॅब रेनिनची ॲक्टिव्हिटी न मोजता थेट प्रमाण मिलियुनिट प्रति लिटरमध्ये देतात, तिथे ३० ची रेषा चालतच नाही, ती साधारण ३.७ वर येते. आणि रेनिन फार कमी असलं की नुसता भाजकच रेशो फुगवतो: अल्डोस्टेरॉन ५ आणि रेनिन ०.१ असलं तरी रेशो ५० येतो. बीटा ब्लॉकर घेणाऱ्या वयस्क पेशंटमध्ये हे नेहमी दिसतं. म्हणून अल्डोस्टेरॉन स्वतः निदान १० ते १५ च्या वर आहे का ते आधी बघा, मग भागाकार करा.

रेशो ९० आला म्हणून निदान पक्कं होत नाही. औषधाशिवाय पोटॅशियम कमी, रेनिन मोजता न येण्याइतकं खाली आणि अल्डोस्टेरॉन २० च्या वर, या तिन्ही गोष्टी जमल्या तर पुढची चाचणी टाळता येते. काकांचं रेनिन मोजता येत होतं, म्हणून सलाइन टेस्ट केली. तिच्यामागची कल्पना सरळ आहे. शरीरात मीठ-पाणी भरलं की निरोगी ॲड्रिनल गप्प बसते, स्वतःच्या मर्जीनं चालणारी बसत नाही.

सकाळी आठला सुरुवात. आधी अर्धा तास खुर्चीत, मग खुर्चीतच चार तासांत नॉर्मल सलाइनच्या ५०० मिलिलिटरच्या चार बाटल्या. बीपी आणि नाडी सतत पाहायची. बीपी फार वर असेल, हार्ट फेल्युअर किंवा किडनीचा मोठा त्रास असेल, पोटॅशियम कमी असेल तर ही टेस्ट करायची नाही. तिथे २५ ते ५० मिलिग्रॅम कॅप्टोप्रिल देऊन एक-दोन तासांनी अल्डोस्टेरॉन मोजतात, ते ३० टक्क्यांहून जास्त उतरायला हवं. काकांचं अल्डोस्टेरॉन सलाइननंतर १४.२ राहिलं. बसून केलेल्या टेस्टमध्ये ६ च्या वर म्हणजे पॉझिटिव्ह. सोबत कॉर्टिसॉलही पाठवलं होतं, ते १३ वरून ८ वर आलं. हे उतरणं महत्त्वाचं, कारण ताणामुळे कॉर्टिसॉल चढलं असतं तर त्याच धक्क्यानं अल्डोस्टेरॉनही वर राहिलं असतं.

सीटीत डाव्या ॲड्रिनलमध्ये १.४ सेंटिमीटरची गाठ दिसली. मी लगेच सर्जनचं नाव काढलं. मॅडमनी थांबवलं. पस्तिशीच्या पुढे निरुपद्रवी, काहीच न करणाऱ्या गाठी बऱ्याच जणांत सापडतात, आणि अल्डोस्टेरॉन दुसऱ्या बाजूनं किंवा दोन्हीकडून येत असू शकतं. ते ठरवायला दोन्ही ॲड्रिनल शिरांतलं रक्त वेगवेगळं काढून तपासावं लागतं. एका बाजूचं निघालं तर ऑपरेशन, दोन्हीकडचं निघालं तर स्पायरोनोलॅक्टोन.

त्या तपासणीची तारीख घेऊन काका निघाले आणि दारातून परत वळले. "डॉक्टर, मग ज्येष्ठमध कधीपासून घेऊ? आवाज पार बसलाय." मी त्यांना कोमट पाण्याच्या गुळण्या सांगितल्या. ते काही खूश दिसले नाहीत.