ईआरपी आणि ऑनलाइन दुकान जोडताना स्टॉकचा आकडा कसा सांभाळावा

ईआरपी आणि साइट एपीआयने जोडली की दोन कामं सुरू होतात. साइटवरच्या ऑर्डरी ईआरपीत जातात आणि ईआरपीतला स्टॉक साइटवर जातो. बहुतेक जण ही दोन वेगळी कामं समजून दोन वेगळे प्रोग्रॅम लिहितात. नसलेला माल विकला जातो तो बहुतेक वेळा त्यामुळेच.

समजा, एका वस्तूचे गोदामात ५ नग आहेत. दहा वाजता साइटवर २ नगांची ऑर्डर पडते आणि साइट आपला आकडा ३ करते. ही ऑर्डर अजून रांगेत आहे, ईआरपीला तिचा पत्ता नाही. दहा वाजून एक मिनिटाने स्टॉकचा प्रोग्रॅम चालतो, ईआरपीतून ५ उचलतो आणि साइटवर ५ लिहितो. पुढच्या मिनिटाला कुणीतरी ४ नग मागवतो. माल ५, विकला ६. दोन्ही प्रोग्रॅमच्या लॉगमध्ये एकही चूक दिसत नाही.

पायरी १: कोणता आकडा पाठवायचा ते ठरवा

ईआरपीतला हातातला साठा जसाच्या तसा पाठवू नका. त्यातून ईआरपीत आधीच राखून ठेवलेले नग वजा करा आणि साइटने घेतलेल्या पण ईआरपीत न पोचलेल्या ऑर्डरींचे नगही वजा करा. वरच्या उदाहरणात ५ − ० − २ = ३. ऑर्डर ईआरपीत गेल्यावर तोच हिशेब ५ − २ − ० = ३ होतो. ऑर्डर पुढे सरकली तरी आकडा हलला नाही, म्हणजे हिशेब बरोबर आहे.

इथे क्रम महत्त्वाचा. ईआरपीने ऑर्डर नोंदवल्याचं कळवल्यावरच ती रांगेतून काढा. मधल्या क्षणी ती दोन्हीकडे मोजली जाईल आणि साइटवर थोडा वेळ १ दिसेल, ते चालतं. उलट केलंत तर ती कुठेच मोजली जाणार नाही, आणि तेवढ्यात माल पुन्हा विकला जाईल.

पाठवताना ‘२ कमी करा’ असं सांगू नका, ‘आता ३ आहेत’ असं सांगा. तोच निरोप चुकून दोनदा गेला तरी बिघडत नाही. मात्र जुना निरोप नव्याच्या मागून पोचू नये म्हणून एका वस्तूचे निरोप एकामागून एकच पाठवा. एवढं करूनही काही सेकंदांची फट उरतेच. झपाट्याने खपणाऱ्या वस्तूंसाठी एक-दोन नग हातचे राखा.

पायरी २: ऑर्डर आधी जतन करा, मग उत्तर द्या

साइटकडून नव्या ऑर्डरचा वेबहूक आला की सही तपासा, मजकूर जतन करा आणि लगेच `200` परत द्या. ईआरपीशी बोलणं नंतर. उत्तराला उशीर झाला तर बऱ्याच साइट तोच वेबहूक पुन्हा पाठवतात. कधी तो येतच नाही, म्हणून दर काही मिनिटांनी साइटकडून नव्या ऑर्डरींची यादी स्वतःहून मागवत राहा.

खरी मेख आहे टाइमआउटची. तुम्ही ऑर्डर ईआरपीला पाठवली, ३० सेकंद उत्तर आलं नाही. ऑर्डर झाली की नाही, हे तुम्हाला कळायला मार्ग नाही. पुन्हा पाठवली तर कदाचित दोन ऑर्डरी होतील, सोडून दिली तर कदाचित एकही नसेल. म्हणून पुन्हा पाठवणं निर्धोक करून ठेवायचं. साइटचा ऑर्डर क्रमांक ईआरपीत जतन करा आणि तो दुसऱ्यांदा येऊच शकणार नाही अशी अट डेटाबेसमध्येच घाला:

```sql
CREATE UNIQUE INDEX ux_web_order
ON sales_orders (channel, web_order_id);
```

‘आधीच आहे’ अशी एरर आली तर ते अपयश नव्हे. आधीच्या ऑर्डरचा ईआरपी क्रमांक शोधा आणि पुढे चला. ईआरपीच्या डेटाबेसला हात लावता येत नसेल, तर पुन्हा पाठवण्याआधी त्या क्रमांकाने शोध घ्या. पण हा उपाय दुय्यम आहे, कारण पहिली विनंती अजून आत चालू असू शकते.

पायरी ३: अपयशाचे दोन ढीग करा

टाइमआउट, `429` आणि `503` ही तात्पुरती अडचण असते. १, २, ४, ८ मिनिटं असं अंतर वाढवत पुन्हा प्रयत्न करा. `Retry-After` आला असेल तर तो पाळा. `400` किंवा `422` आला तर शंभरदा पाठवूनही उपयोग नाही. वस्तूचा कोड ईआरपीत नसेल किंवा कराचा कोड चुकला असेल. अशी ऑर्डर कारणासकट बाजूला ठेवा आणि ती रोज कोण बघणार त्याचं नाव ठरवा. बाजूला ठेवलेल्या ऑर्डरीचे नग स्टॉकमधून वजा होत राहिले पाहिजेत. हे हमखास विसरलं जातं.

रांगेत किती ऑर्डरी आहेत यापेक्षा सर्वांत जुनी किती वेळ पडून आहे, यावर इशारा लावा. विक्रीच्या गर्दीत संख्या वाढणारच, पण अर्धा तास एकच ऑर्डर हलली नाही तर कुठेतरी अडकलं आहे.

रोज रात्री दोन्हीकडच्या ऑर्डर क्रमांकांच्या याद्या ताडून बघा. शेवटच्या पंधरा मिनिटांच्या ऑर्डरी त्यातून वगळा, नाहीतर वाटेत असलेल्या ऑर्डरीही हरवल्यासारख्या दिसतील.

सुरू करण्याआधी

चाचणीच्या ईआरपीचं कनेक्शन तोडा आणि साइटवर तीन ऑर्डरी टाका. एकीत मुद्दाम चुकीचा कोड द्या आणि एका ऑर्डरीचा वेबहूक दोनदा पाठवा. कनेक्शन जोडल्यावर ईआरपीत दोनच ऑर्डरी दिसायला हव्यात, एक बाजूला पडलेली असावी आणि बरोबर कोडाच्या वस्तूंचा साइटवरचा आकडा संपूर्ण वेळात एकदाही खऱ्या शिल्लक मालापेक्षा वर गेलेला नसावा.